उंचावर मुक्काम, खाली सराव

१९६८ सालच्या ऑक्टोबरमध्ये मेक्सिको सिटी येथे ऑलिंपिक स्पर्धा भरल्या. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर वसले आहे. आपल्याकडचे उटी साधारण याच उंचीवर आहे. तिथली हवा विरळ, आणि विरळ हवा पुढे जाणाऱ्याला कमी अडवते. याचा फायदा काही सेकंदांत संपणाऱ्या प्रकारांना झाला. लांब उडीत अमेरिकेच्या बॉब बीमनने ८.९० मीटरची उडी घेतली तेव्हा पंचांचाही डोळ्यांवर विश्वास बसेना.

लांब पल्ल्याच्या शर्यतींत मात्र नेमके उलटे घडले. दहा हजार मीटर धावण्याचा तेव्हाचा जागतिक विक्रम ऑस्ट्रेलियाच्या रॉन क्लार्कच्या नावावर होता, २७ मिनिटे ३९.४ सेकंद. मेक्सिकोत हीच शर्यत केनियाच्या नफ्ताली तेमूने जिंकली, पण त्याला २९ मिनिटे २७.४ सेकंद लागले. म्हणजे विजेतासुद्धा विक्रमापेक्षा पावणेदोन मिनिटांहून अधिक मागे होता. इथिओपियाचा मामो वोल्डे दुसरा आला आणि ट्युनिशियाचा मोहम्मद गामूदी तिसरा. खुद्द क्लार्क सहावा आला आणि रेषा ओलांडताच कोसळला. त्याला ऑक्सिजन द्यावा लागला.

चारच दिवसांनी गामूदीने पाच हजार मीटरचे सुवर्णपदक पटकावले, तर पंधराशे मीटरमध्ये केनियाच्या किप केइनोने सर्वांना मागे टाकले. केनिया आणि इथिओपियाचे हे धावपटू उंच पठारांवर जन्मलेले आणि वाढलेले होते. तेव्हापासून जगभरच्या प्रशिक्षकांना एक प्रश्न छळू लागला. उंचावर राहिल्याने शरीरात असे काय बदलते, आणि ते बदल सखल भागातल्या धावपटूलाही मिळवता येतील का? या प्रश्नाचे आज मिळालेले उत्तर आम्ही या लेखात सोप्या शब्दांत मांडत आहोत. त्यातला एक भाग थेट आपल्या घरातल्या रक्ततपासणीच्या कागदाशी जोडलेला आहे.

विरळ हवेत कमी काय असते?

उंचावर हवेतला ऑक्सिजन कमी होतो असे आपण सहज म्हणतो. खरे पाहता हवेतले त्याचे प्रमाण समुद्रकिनारी असते तेवढेच, सुमारे २१ टक्के, डोंगरावरही असते. कमी होतो तो हवेचा दाब. अडीच हजार मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास तीन चतुर्थांश उरतो. त्यामुळे प्रत्येक श्वासात हवा तेवढीच घेतली तरी तिच्यातले ऑक्सिजनचे कण कमी भरतात, आणि फुप्फुसातून रक्तात ऑक्सिजन ढकलणारा जोरही घटतो.

ही कमतरता आपली मूत्रपिंडे ओळखतात. रक्त गाळणे एवढेच त्यांचे काम आहे असे आपण समजतो, पण रक्तात ऑक्सिजन पुरेसा आहे की नाही यावरही त्यांचे लक्ष असते. तो कमी पडताच मूत्रपिंडे एरिथ्रोपोएटिन नावाचे संप्रेरक रक्तात सोडतात. या लांबलचक नावाऐवजी सगळे त्याला ईपीओ म्हणतात. उंचावर पोचल्यापासून काही तासांतच ईपीओ वाढू लागते आणि एक-दोन दिवसांत कळस गाठते. हाडांच्या मगजात तांबड्या रक्तपेशी तयार होतात. ईपीओ तिथे जाऊन जास्त पेशी बनवण्याचा हुकूम देते. ऑक्सिजनच्या कमतरतेची चाहूल पेशींना कशी लागते याचा उलगडा करणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१९ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

हुकूम लगेच निघतो, पण माल तयार व्हायला वेळ लागतो. नवी तांबडी पेशी तयार होऊन रक्तात उतरायला साधारण आठवडा जातो. रक्तातल्या एकूण तांबड्या पेशींच्या साठ्यात लक्षात येण्याजोगी भर पडायला तीन-चार आठवडे लागतात. म्हणून चार दिवस थंड हवेच्या ठिकाणी जाऊन आल्याने दम वाढत नाही. मन ताजेतवाने होते, एवढेच.

तांबड्या पेशी आणि दम

तांबड्या पेशीत हिमोग्लोबिन भरलेले असते आणि ऑक्सिजन वाहून नेण्याचे काम तेच करते. लांब पल्ल्याच्या धावपटूच्या मर्यादेचे मोठे कारण इथेच आहे. त्याचे स्नायू ऑक्सिजन वापरायला तयार असतात, फुप्फुसेही बहुधा कमी पडत नाहीत. हृदय एका मिनिटात किती रक्त फेकते आणि त्या रक्तात ऑक्सिजनच्या किती गोण्या लादलेल्या आहेत, यावर बरेच काही ठरते. सरावाने हृदयाची ताकद वाढते. तांबड्या पेशी वाढल्या की प्रत्येक ठोक्यात जास्त गोण्या जातात.

येथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट समजून घ्यायला हवी. प्रयोगशाळेच्या कागदावर हिमोग्लोबिन १३ किंवा १४ असे लिहिलेले असते. ते शंभर मिलिलिटर रक्तात किती ग्रॅम आहे याचे माप असते. शरीरात एकूण हिमोग्लोबिन किती आहे हे त्यावरून कळत नाही. धावपटूच्या दमाचा संबंध मुख्यतः या एकूण वजनाशी असतो.

फरक लक्षात येण्यासाठी सरबताचे उदाहरण घेऊ. भांड्यातले पाणी थोडे आटवले तर सरबत गोड लागते, पण साखरेचा एक दाणाही वाढलेला नसतो. उंचावर गेल्यावर पहिल्या काही दिवसांत अगदी असेच होते. शरीर रक्तातले पाणी, म्हणजे रक्तद्रव, कमी करते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तपासणी केली तर हिमोग्लोबिन वाढलेले दिसते आणि शिबिर यशस्वी झाले असे वाटते. प्रत्यक्षात तोवर नव्या पेशींची भर पडलेली नसते. याच्या उलट अनुभव आपल्या घरातल्या स्त्रियांना येतो. गरोदरपणात रक्तद्रव पेशींपेक्षा जास्त वाढतो, त्यामुळे पेशी वाढूनही कागदावरचे हिमोग्लोबिन थोडे उतरलेले दिसते.

म्हणून क्रीडावैद्यक एकूण हिमोग्लोबिन वेगळ्या रीतीने मोजतात. खेळाडूला कार्बन मोनॉक्साइड या वायूची अगदी थोडी, मोजून घेतलेली मात्रा दोनेक मिनिटे श्वासातून देतात. हा वायू हिमोग्लोबिनला घट्ट चिकटतो. मग रक्ताचा थेंब तपासून त्यातला किती टक्के भाग व्यापला गेला ते पाहतात आणि त्यावरून एकूण हिमोग्लोबिनचे वजन काढतात. हा वायू जास्त झाला तर प्राणघातक आहे, त्यामुळे ही चाचणी तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच होते.

अडचण पायांची

उंचावर रक्त वाढते, मग तिथेच राहावे आणि तिथेच धावावे, असे सुरुवातीला अनेक प्रशिक्षकांना वाटले. त्यांनी आपले खेळाडू डोंगरात नेले. काहींना लाभ झाला, पुष्कळांना झाला नाही, आणि काही तर आधीपेक्षा संथ होऊन परतले.

कारण साधे होते. अडीच हजार मीटरवर चांगल्या धावपटूची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता दहा ते पंधरा टक्क्यांनी घटते. तिथे तो जिवाच्या आकांताने धावला तरी सपाटीवरचा वेग गाठता येत नाही. श्वास फुलतो, छाती धडधडते, पण पाय मात्र रोजच्यापेक्षा हळू पडतात. स्नायू ज्या वेगाचा सराव करतात त्याच वेगाचे होतात. महिनाभर मंद वेगाचा सराव झाला तर रक्तात मिळवलेले पायांत गमावले जाते.

अमेरिकेतल्या डॅलसचे दोन संशोधक, बेंजामिन लेव्हाइन आणि जेम्स स्ट्रे-गंडरसन, यांनी यावर तोड सुचवली. रक्त वाढते ते दिवसाचे बरेच तास विरळ हवेत काढल्याने. वेग टिकतो तो दाट हवेत सराव केल्याने. मग दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या ठिकाणी का करू नयेत? खेळाडूने राहावे, जेवावे, झोपावे उंचावर, आणि सरावासाठी मात्र खाली उतरावे. आज ही पद्धत ‘लिव्ह हाय, ट्रेन लो’ या नावाने ओळखली जाते.

चार आठवड्यांचा प्रयोग

त्यांचा मुख्य प्रयोग १९९७ साली प्रसिद्ध झाला. त्यात ३९ स्पर्धक धावपटू होते, २७ पुरुष आणि १२ स्त्रिया. प्रयोगापूर्वी सर्वांनी चार आठवडे समुद्रसपाटीजवळ एकत्र सराव केला. हे यासाठी की पुढे दिसणारी सुधारणा निव्वळ शिस्तबद्ध सरावाची आहे असे कोणी म्हणू नये. मग त्यांचे तेरा-तेरा जणांचे तीन गट पाडले.

पहिला गट युटा राज्यातील डीअर व्हॅली या डोंगरी गावात २,५०० मीटरवर राहिला आणि सरावासाठी सॉल्ट लेक सिटीजवळ १,२५० मीटरवर उतरला. दुसरा गट वरच राहिला आणि वरच धावला. तिसरा गट कॅलिफोर्नियातील सॅन डिएगोच्या बाजूला १५० मीटर उंचीवर राहिला आणि तिथल्याच डोंगराळ वाटांवर धावला. चार आठवड्यांनी सगळ्यांना समुद्रसपाटीवर पाच हजार मीटर धावायला लावले.

वर राहिलेल्या दोन्ही गटांत तांबड्या पेशींचा एकूण साठा सुमारे ९ टक्क्यांनी आणि ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता सुमारे ५ टक्क्यांनी वाढली. खाली राहिलेल्या गटात असे काही झाले नाही. पण घड्याळ काय म्हणाले? पाच हजार मीटरची वेळ फक्त पहिल्या गटाची सुधारली, सरासरी सुमारे १३ सेकंदांनी. वर राहून वरच धावलेल्यांचे रक्त तेवढेच वाढले होते, तरी त्यांची वेळ सुधारली नाही.

तेरा सेकंद ऐकायला थोडे वाटतात. पण या वेगाने धावणारा माणूस तेवढ्या वेळात साठ मीटरहून जास्त अंतर कापतो. आपल्या बीड जिल्ह्यातील मांडवा गावचा अविनाश साबळे २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये दुसरा आला. त्याची वेळ होती ८ मिनिटे ११.२० सेकंद, आणि पहिल्या आलेल्या केनियाच्या धावपटूची ८ मिनिटे ११.१५. सुवर्ण आणि रौप्य यांत पाच शतांश सेकंदाचे अंतर होते. सैन्यात असताना सियाचीनमध्ये तैनात राहिलेल्या साबळेने त्या वर्षी अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज या सुमारे १,८०० मीटर उंचीच्या गावी सराव केला होता. त्याच्या यशातला किती वाटा उंचीचा आणि किती त्याच्या मेहनतीचा हे वेगळे काढता येणार नाही. पण इतक्या थोडक्यासाठी धावपटू घरदार सोडून डोंगरात का जातात हे त्यावरून कळते.

शिबिर प्रत्यक्षात कसे चालते?

पहिला प्रश्न उंचीचा. साधारण २,००० ते २,५०० मीटर ही राहण्यासाठी योग्य उंची मानली जाते. त्याहून बरेच खाली मूत्रपिंडांना इशाराच नीट मिळत नाही. तीन हजारांच्या वर गेले की झोप मोडते, भूक मरते, वजन उतरते आणि सरावाचा थकवा भरून निघत नाही. या हिशेबाने महाबळेश्वर १,३५० मीटरच्या आसपास, म्हणजे कमीच पडते. १,६४६ मीटरचे कळसूबाई हे महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर, आणि तेही पुरत नाही. भारतात यासाठी उटी किंवा हिमाचल प्रदेशातील शिलारू अशा ठिकाणी जावे लागते. मो फराहसारखा ऑलिंपिक विजेता केनियातील इटेन या २,४०० मीटरवरच्या गावी जाऊन राहत असे.

दुसरा प्रश्न वेळेचा. निदान तीन आठवडे, जमल्यास चार. आणि दिवसातले तास जितके जास्त तितके चांगले. बारा-चौदा तासांपेक्षा कमी वेळ वर काढला तर फायदा डळमळीत होतो. अनेक अभ्यास एकत्र पाहून काढलेला अंदाज असा, की उंचावर घालवलेल्या दर शंभर तासांमागे एकूण हिमोग्लोबिन साधारण एक टक्क्याने वाढते.

पहिला आठवडा फक्त हलक्या धावण्याचा असतो. याच आठवड्यात उत्साही खेळाडू घात करून घेतात. नाडी रोजच्यापेक्षा वेगाने चालत असते, झोप लागत नाही, तरी ते सपाटीवरचा वेग धरायला जातात आणि आजारी पडतात. ताप किंवा संसर्ग झाला की पेशी बनवण्याचे कामही मंदावते आणि सगळा मुक्काम वाया जाऊ शकतो. म्हणून रोज सकाळी उठल्याबरोबर नाडी आणि वजन लिहून ठेवतात. नाडी चार दिवसांनंतरही चढीच असेल किंवा वजन सारखे उतरत असेल तर सराव कमी करतात.

दुसऱ्या आठवड्यापासून खरी कसरत सुरू होते. अमेरिकेत फ्लॅगस्टाफ नावाचे गाव आहे, उंची सुमारे २,१०० मीटर. तिथे राहणारे धावपटू सावकाश लांब धावणे वरच करतात, पण वेगाच्या सरावाच्या दिवशी गाडीने सेडोना या सुमारे १,३०० मीटरवरच्या गावी उतरतात. म्हणजे रोज उठून खाली जायचे नाही; आठवड्यातले वेगाचे एक-दोन दिवस तेवढे खाली. यामुळे वरचे तासही फारसे बुडत नाहीत.

आणि शेवटी परतणे. खाली आल्यावर ऑक्सिजन भरपूर मिळतो, ईपीओ उतरते आणि शरीर जादा झालेला साठा हळूहळू कमी करू लागते. तीन-चार आठवड्यांत बराचसा लाभ ओसरतो. तेवढ्या काळातच शर्यत यावी असा शिबिराचा बेत आखावा लागतो.

लोखंड नसेल तर सगळे व्यर्थ

आता तो भाग, ज्याचा घरोघरी उपयोग आहे. एका धावपटूचा हिशेब मांडून पाहू. समजा त्याच्या शरीरात एकूण ८०० ग्रॅम हिमोग्लोबिन आहे. तो तीन आठवडे रोज चौदा तास उंचावर राहिला, म्हणजे सुमारे ३०० तास. वरच्या अंदाजाने त्याचे हिमोग्लोबिन तीन टक्क्यांनी, म्हणजे २४ ग्रॅमने वाढायला हवे. एक ग्रॅम हिमोग्लोबिन बनवायला सुमारे ३.४ मिलिग्रॅम लोह लागते. म्हणजे २४ ग्रॅमला सुमारे ८० मिलिग्रॅम.

हे लोह येणार कुठून? आपले शरीर रोजच्या अन्नातून जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम लोह शोषते, आणि रोज जवळपास तेवढेच गमावते. त्यामुळे जादा लोह शिलकीतून काढावे लागते. ही शिल्लक फेरिटिन नावाच्या तपासणीतून कळते. रक्तातल्या फेरिटिनचा एक अंक म्हणजे साधारण आठ मिलिग्रॅम साठवलेले लोह. फेरिटिन ५० असेल तर शिल्लक ४०० मिलिग्रॅम; त्यातले ८० सहज काढता येतात. फेरिटिन १० असेल तर शिल्लक ८० मिलिग्रॅम, म्हणजे सगळी तिजोरी रिकामी करूनच काम भागेल. इतकी रिकामी तिजोरी शरीर उघडत नाही. ईपीओ हुकूम देत राहते, आणि कारखान्यात कच्चा माल नसतो.

हे नुसते कागदावरचे गणित नाही. वर सांगितलेल्या संशोधकांनाच आपल्या आधीच्या पाहणीत असे आढळले होते, की ज्यांचा लोहसाठा कमी होता त्या धावपटूंच्या तांबड्या पेशी चार आठवडे उंचावर राहूनही वाढल्या नाहीत. १९९७ च्या प्रयोगात त्यामुळे सर्वांना आधीपासून लोह दिले गेले. आज कोणताही जाणता प्रशिक्षक शिबिराच्या सहा-आठ आठवडे आधी फेरिटिन तपासून घेतो आणि ते तीस-चाळीसच्या खाली असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने आधी साठा भरून काढतो.

लक्षात घेण्याची गोष्ट अशी की अशा खेळाडूचे हिमोग्लोबिन कागदावर ठीक असू शकते. आधी तिजोरी रिकामी होते, हिमोग्लोबिन त्यानंतर घसरते. दर महिन्याचा स्राव असणाऱ्या मुलींमध्ये ही स्थिती सर्वांत जास्त आढळते.

तंबू, मुखवटे आणि सुया

डोंगर जवळ नसेल तर डोंगरच घरी आणावा, ही कल्पना फिनलंडमध्ये पुढे आली. तिथे १९९० च्या सुमारास खोलीत नायट्रोजन मिसळून ऑक्सिजनचे प्रमाण २१ वरून पंधरा-सोळा टक्क्यांवर आणले गेले. खेळाडू तिथे झोपायचे आणि बाहेर पडून नेहमीच्या हवेत धावायचे. आता असे तंबूही मिळतात. २००६ साली जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने त्यांच्यावर बंदीचा विचार केला, पण बंदी घातली नाही.

त्यांचा उपयोग मात्र निर्विवाद नाही. २०१२ साली स्वित्झर्लंडच्या एका प्रयोगात सोळा सायकलपटूंना चार आठवडे रोज सोळा तास बंद खोल्यांत ठेवले. काहींच्या खोलीत तीन हजार मीटरची हवा होती, काहींच्या खोलीत साधी, आणि कोणाला कोणती हे खेळाडूंना सांगितले नव्हते. दोन्ही गटांत फरक आढळला नाही. एकूण हिमोग्लोबिनही वाढले नाही. १९९७ च्या प्रयोगातल्या धावपटूंना आपण कुठे राहतो हे दिसत होते, आणि ‘आपल्याला फायदा होणार’ या विश्वासानेही माणूस थोडा जोरात धावतो. शिवाय व्यक्तीव्यक्तीत फरक आहे: सारख्याच उंचीवर काहींचे ईपीओ भरपूर चढते आणि टिकते, तर काहींचे लवकर उतरते. त्यामुळे एकाला लाभ झाला म्हणून दुसऱ्याला होईलच असे नाही.

बाजारात ‘उंचीवरचा सराव’ म्हणून काळे मुखवटेही विकले जातात. पोलीस भरतीची तयारी करणारी आपली मुले कधी कधी तोंडाला ते लावून पळताना दिसतात. हा मुखवटा श्वास घ्यायला अडथळा आणतो, पण आत जाणारी हवा मैदानावरचीच असते. तिचा दाब डोंगरावरच्या हवेसारखा कमी होत नाही. आणि दिवसाला अर्धा-एक तास लावून रक्त वाढत नाही. श्वासाच्या स्नायूंना थोडा व्यायाम होईल, पण १,६०० मीटरच्या चाचणीत ज्या वेगाने पळायचे आहे तो वेग मुखवटा लावून गाठता येत नाही. म्हणजे उंचावरच्या सरावाचा तोटा तेवढा पदरात पडतो, फायदा नाही.

ईपीओचे इंजेक्शन हा या सगळ्याचा चोरवाटेचा मार्ग. ते खेळांत बंदी असलेले उत्तेजक आहेच, पण धोका त्याहून मोठा आहे. डोंगरावर शरीर आपली मर्यादा स्वतः राखते. सुईला मर्यादा नसते. पेशी अती वाढल्या की रक्त घट्ट होते, गुठळ्या होण्याचा आणि हृदय बंद पडण्याचा धोका वाढतो. हे औषध मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांसाठी आहे, कारण त्यांची मूत्रपिंडे स्वतः ईपीओ बनवू शकत नाहीत.

डोंगराआधी तपासणी

उंचावरच्या शिबिरात सगळे जमले तर निरोगी धावपटूचे हिमोग्लोबिन तीन-चार टक्क्यांनी वाढते. याच्या शेजारी एक दुसरा आकडा ठेवून पाहा. पोलीस भरतीसाठी ८०० मीटरची तयारी करणाऱ्या मुलीचे हिमोग्लोबिन १० असेल आणि लोहाच्या उपचारांनी ते १२ झाले, तर ती वाढ वीस टक्के आहे. कोणत्याही डोंगरावर एवढे मिळत नाही. सरावात पूर्वीची वेळ गाठता न येणे, जिना चढताना धाप लागणे, सतत थकवा, बर्फ किंवा माती खाण्याची इच्छा होणे, ही लोह कमी पडल्याची लक्षणे असू शकतात. ‘हिची मेहनत कमी पडते’ असे म्हणण्याआधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन दोन्ही तपासून घ्यावे.

गोळ्या मात्र मनाने सुरू करू नयेत. थॅलेसीमियाचे वाहक असलेल्यांचे हिमोग्लोबिन कमी असते, पण लोहाचा साठा भरलेला असू शकतो. त्यांना गरज नसताना लोह देत राहणे चुकीचे. डॉक्टरांनी गोळी दिली तर ती चहाबरोबर किंवा दुधाबरोबर घेऊ नये, कारण दोन्हींमुळे लोह कमी शोषले जाते. लिंबाच्या पाण्याबरोबर घेतलेली बरी. जेवणाबाबतही तसेच. मांस-कलेजीतले लोह शरीराला सहज मिळते, पालेभाज्या आणि डाळींतले कमी मिळते. त्यांवर लिंबू पिळले तर जास्त मिळते. जेवण झाल्या झाल्या कडक चहा घेण्याची आपल्या घरांतली सवय तास-दीड तास पुढे ढकलली तरी फरक पडतो. गरोदर महिलांनी कलेजीबाबत आपल्या डॉक्टरांना विचारावे, कारण तिच्यात जीवनसत्त्व ‘अ’ फार असते.

आपल्या घरातला एखादा मुलगा किंवा मुलगी खरोखर राष्ट्रीय पातळीवर पोचली आणि संघाबरोबर शिलारू किंवा उटीला निघाली, तर तिच्या पालकांनी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. फेरिटिन तपासले आहे का, मुक्काम निदान तीन आठवड्यांचा आहे का, आणि वेगाच्या सरावासाठी खाली उतरण्याची सोय आहे का. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर सामान बांधण्याआधी ती तपासणी करून घ्यावी.